फोटोतल्या गँट चार्टवरून टास्कचा तक्ता: एक-दोन दिवस कुठे चुकतात

प्रश्न: साइट ऑफिसच्या भिंतीवरच्या गँट चार्टचा मोबाइलने काढलेला फोटो आहे, मूळ फाइल कुणाकडेच नाही. त्यावरून सुरुवातीची तारीख, लागणारे दिवस आणि कशानंतर काय, असा तक्ता एमएस प्रोजेक्टमध्ये भरायचाय. माझ्या तारखा सारख्या एक-दोन दिवसांनी चुकतायत.

उत्तर: आधी फोटो सरळ करा. मोबाइलच्या स्कॅनरमध्ये कागदाचे चारही कोपरे पकडले की तिरकेपणा बराचसा जातो. मग तो पेंटमध्ये उघडा. कर्सर जिथे असेल तिथला पिक्सेल आकडा खाली दिसतो, त्यातला पहिला आकडा आपल्या कामाचा.

आता तारखांच्या दोन लांबच्या उभ्या रेषा घ्या. माझ्याकडच्या एका चार्टवर ३ नोव्हेंबर २०२५ ची रेषा ४१२ वर होती आणि २९ डिसेंबरची १५३२ वर. म्हणजे ५६ दिवसांना ११२० पिक्सेल, दिवसाला २०. लगेच मधली एक रेषा तपासायची. १ डिसेंबर ९७२ वर यायला हवा. तो ९९० वर दिसला तर कागद अजून तिरका आहे किंवा मध्ये फुगलाय, आणि पुढचं सगळं वाचन वाया जाणार. पुन्हा सरळ करा, नाहीतर प्रत्येक महिन्याचं प्रमाण वेगळं काढा.

पट्टीच्या दोन्ही टोकांचे आकडे एक्सेलच्या C आणि D रकान्यात लिहिलेत असं धरा. सूत्रं अशी:

```
E2: =DATE(2025,11,3)+ROUND((C2-412)/20,0)
F2: =DATE(2025,11,3)+ROUND((D2-412)/20,0)-1
G2: =NETWORKDAYS.INTL(E2,F2,11)
```

दुसऱ्या ओळीतला `-1` विसरलात की एक दिवस चुकतो, आणि तुमचा बहुतेक तिथेच चुकतोय. फुटिंगची पट्टी ५७२ ते ८१२ होती. उजवं टोक थेट वाचलं तर २३ नोव्हेंबर येतो, पण ती रेषा म्हणजे २३ तारखेची सुरुवात. काम संपलं २२ ला, शनिवारी. शेवटच्या तारखा वरचेवर रविवारी पडायला लागल्या की हीच चूक झालीय असं समजा.

सूत्रातला `11` म्हणजे सुट्टी फक्त रविवारची. आमच्याकडे बऱ्याच साइट आठवडे बाजाराच्या दिवशी बंद असतात. बाजार गुरुवारी असेल तर `15` घाला. फुटिंगचे कॅलेंडरचे दिवस १२, कामाचे ११. प्रोजेक्टमध्ये ११ भरायचे, आणि तिथल्या कॅलेंडरमध्येही हीच सुट्टी ठेवायची.

| क्र. | काम | सुरुवात | दिवस | आधीचं काम |
|---|---|---|---|---|
| १ | खोदाई | ३ नोव्हें. | ६ | |
| २ | पीसीसी | ६ नोव्हें. | ४ | `1SS+3d` |
| ३ | फुटिंग | ११ नोव्हें. | ११ | `2` |
| ४ | कॉलम | २४ नोव्हें. | ८ | `3` |
| ५ | बोअरवेल | २४ नोव्हें. | ३ | ? |

फुटिंग आणि कॉलमच्या पट्ट्यांमध्ये २० पिक्सेलची फट दिसते. ती पाहून `3FS+1d` लिहायचा मोह होतो. ती फट रविवारची आहे. `+1d` लिहिलंत तर कॉलम २५ तारखेवर जाईल.

प्रोजेक्टमध्ये सगळी कामं Auto Scheduled करा आणि सुरुवातीची तारीख हाताने अजिबात टाइप करू नका. टाइप केली की त्या कामावर Start No Earlier Than ची अट बसते, मग चुकीचा दुवाही बरोबर दिसतो. फक्त दिवस आणि दुवे भरा, फोटोतून वाचलेली तारीख शेजारी `Start1` मध्ये ठेवा. प्रोजेक्टने काढलेली तारीख आणि `Start1` जिथे जुळत नाही, तिथे दुवा, अंतर किंवा सुट्टी चुकलीय.

पण जुळली म्हणजे दुवा खरा आहे, असं नाही. वर बोअरवेलपुढे प्रश्नचिन्ह म्हणूनच आहे. त्या चार्टवर बाण नव्हते. बोअरवेल २४ लाच सुरू होतेय म्हणून मी ती फुटिंगला जोडली होती, तारीख तंतोतंत जुळली. सळईची गाडी उशिरा आली, फुटिंग सहा दिवस लांबलं, आणि माझ्या तक्त्याने बोअरवेलही सहा दिवस पुढे ढकलली. बोअरवेलचा गाडीवाला मात्र ठरल्याप्रमाणे २४ ला सकाळी दारात उभा, आणि जागेवर सळ्यांचे ढीग. तारीख गाडीच्या उपलब्धतेवरून ठरली होती, फुटिंगशी तिचा संबंधच नव्हता. त्याला त्या दिवसाचे पैसे द्यावे लागले आणि ते मला फार लागलं.

तेव्हापासून तक्त्यात एक रकाना वाढवतो: दुवा बाणावरून घेतला, विचारून घेतला की अंदाजाने लिहिला. अंदाजाच्या प्रत्येक ओळीसाठी साइट इंजिनिअरला एकच विचारायचं: 'फुटिंग चार दिवस लांबलं तर बोअरवेल थांबेल का?' 'कशावर अवलंबून आहे?' असं विचारलंत तर 'सगळं सगळ्यावरच' असं उत्तर मिळतं. तो 'नाही' म्हणाला तर दुवा काढा आणि त्या एका कामाला मात्र तारखेची अट मुद्दाम लावा. तिथे ती खरी असते.