एकच देव, अनेक देव आणि सगळंच देव: फरक कसा ओळखायचा

प्रश्न: «एकेश्वरवाद, अनेकेश्वरवाद आणि सर्वेश्वरवाद यांत नेमका फरक काय? आमच्या घरी गणपती, मंगेश, सातेरी सगळेच. शेजारच्या ख्रिस्ती घरातही सायबिणीची आणि संतांची चित्रं आहेत. आजी म्हणते देव एकच. मी यातलं काहीच वाचलेलं नाही, सोपं करून सांगा.»

तुमचा गोंधळ होतोय, कारण तुम्ही भिंतीवरच्या तसबिरी मोजताय. पहिल्यांदा सगळे तेच करतात, मीही केलं होतं. पण मूर्ती किती यावरून काहीच ठरत नाही. मागणं शेवटी कोणापाशी जाऊन थांबतं आणि ज्याच्याकडे मागतो तो या जगाहून वेगळा आहे की नाही, हे दोन प्रश्न विचारले की तिन्ही शब्द सुटे होतात.

सुरुवात गोव्यातल्या म्हापशापासून करू. ईस्टरनंतर तिथे मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे येशूची आई मारिया हिचं, फेस्त भरतं. हिंदूही तेल आणि फुलं घेऊन रांगेत असतात. लोककथेत ही सायबीण शिरगावच्या लईराई देवीची बहीण, सात बहिणींपैकी एक. लहानपणी आईबरोबर मी त्या रांगेत उभा राहिलो आहे. आमच्या पुढे एक ख्रिस्ती बाई होत्या. दोघींचे हात सारखेच जोडलेले, दोघींसमोर तीच मूर्ती. पण त्या बाई पुटपुटत होत्या ती मारियेची प्रार्थना, आणि तिच्यात एक ओळ येते: «आमां पापियां खातीर विनंती कर.» या ओळीवर थोडं थांबा. मारियेकडे मागणं आहे ते «तू दे» असं नाही, «आमच्यासाठी विनंती कर» असं आहे. विनंती पुढे कोणाकडे तरी जाते, आणि देणारा तो एकटा. आई मात्र गाऱ्हाणं घालत होती: बाये, लेकराला सांभाळ. आईच्या लेखी सांभाळणारी ती स्वतःच होती, जशी लईराई सांभाळते तशी.

पहिला एकेश्वरवाद, दुसरा अनेकेश्वरवाद. मूर्ती तीच, तेल तेच.

चर्चने हा भेद फार पूर्वीच लिहून ठेवला आहे. 787 साली निकेआ इथे भरलेल्या धर्मसभेने ठरवलं की चित्रांना आणि मूर्तींना मान द्यावा, पण आराधना फक्त देवाची. इस्लाम आणि ज्यू धर्म याहून कडक आहेत, ते प्रार्थनास्थळात देवाची प्रतिमाच ठेवत नाहीत. पण गाभा तिघांचा एकच: देव एक, त्याने जग निर्माण केलं आणि तो स्वतः त्या जगाचा भाग नाही. कुंभाराने घागर घडवली, तरी कुंभार म्हणजे घागर नव्हे. एकेश्वरवादात «एक» या आकड्याइतकंच हे वेगळेपणही महत्त्वाचं असतं.

अनेकेश्वरवादात देव पुष्कळ असतात एवढंच नाही, प्रत्येकाचं आपापलं क्षेत्र असतं. आपल्या गावात हे समजायला पुस्तक लागत नाही. सातेरी गावची, राखणदार शिवेवरचा, आणि कुळाची देवता तिसरीच, कदाचित दुसऱ्याच तालुक्यात. शीव ओलांडली की राखणदार बदलतो. जुन्या ग्रीकांचंही असंच होतं, समुद्र पोसायडनचा आणि आकाश झ्यूसचं. तिथे देवांची आपसात भांडणंही होत, कारण सगळी सत्ता एकाच्या हाती नव्हती. म्हणून एखादी परंपरा अनेकेश्वरवादी आहे का हे पाहताना मी विचारतो: एका देवाचं काम दुसऱ्याकडे नेलं तर चालतं का? «ते त्याच्या हातात नाही» असं उत्तर आलं, तर तिथे देव खरोखरच अनेक आहेत.

आता सर्वेश्वरवाद. नवख्या माणसाचा पाय बहुतेक इथेच घसरतो. «देव सगळीकडे आहे» म्हणजे सर्वेश्वरवाद, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. देव सगळीकडे आहे असं एकेश्वरवादी पाद्रीही सांगतो. सर्वेश्वरवाद सांगतो की हे «सगळं» आहे, तोच देव. त्याच्याबाहेर, पलीकडे, मागे असा निराळा कोणी नाही. इथे कुंभार उरत नाही, फक्त माती आणि तिचे आकार उरतात.

हे सगळ्यात स्पष्ट मांडलं बारुख स्पिनोझाने. त्याचं ज्यू कुटुंब मूळचं पोर्तुगालचं, इन्क्विझिशन या चर्चच्या धर्मन्यायालयाच्या छळातून निसटून आलेलं. तेच इन्क्विझिशन 1560 पासून आपल्याकडे गोव्यातही होतं, म्हणून हा माणूस मला परका वाटत नाही. स्पिनोझा 1632 साली ॲम्स्टरडॅमला जन्मला आणि 1656 साली तिथल्या ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केलं. त्याचं म्हणणं होतं: ईश्वर म्हणजेच निसर्ग, दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. यातून काय निघतं ते पाहा. असा देव रागावत नाही, प्रसन्न होत नाही, नवस ऐकून पाऊस पाडत नाही. पाऊस पडणं हेच त्याचं असणं. त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालता येत नाही, त्याला समजून घेता येतं. देवाला सगळीकडे पाहणारा माणूस नवसही बोलत असेल, तर तो स्पिनोझाच्या अर्थाने सर्वेश्वरवादी नाही.

मग सातेरीचं रोयण? कितीतरी देवळांत सातेरीची मूर्ती नसते, असतं ते वारूळ. गाभाऱ्यात जमिनीतून वर आलेली तांबडी माती, वर फुलं आणि साडी. हे पाहून कोणी म्हणेल, मातीलाच देव मानलं, म्हणजे सर्वेश्वरवाद. मला ते पटत नाही. पूजा त्या एका वारुळाची होते, कुळागरातल्या दुसऱ्या वारुळाला कोणी साडी नेसवत नाही. तिथे देवी राहते, म्हणून ते पवित्र. ती सगळ्या मातीत सारखीच असती, तर देऊळ बांधायचं कारणच उरलं नसतं.

राहिलं आजीचं «देव एकच». हे वाक्य तिन्हींपैकी कुठल्याही खणात नीट बसत नाही. ऋग्वेदात «एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति» असं येतं, सत्य एक आणि नावं अनेक. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला मातीचाच दृष्टांत देतो: एक मातीचा गोळा कळला की मातीचं सगळं कळलं. हे सर्वेश्वरवादाच्या जवळ जातं. पण पुरुषसूक्त म्हणतं की सगळी भूतं हा त्याचा एक पाद आहे, उरलेले तीन वर. म्हणजे जग देवात आहे, पण देव जगात संपत नाही. याला चौथं नाव आहे, इंग्रजीत पॅनेन्थिइझम, आणि माझ्या अंदाजाने पुष्कळ मराठी घरांतल्या आज्या याच्याच जवळपास असतात.

तरी अंदाजावर जाऊ नका. चतुर्थीला गणपतीपुढे आणि जत्रेत सातेरीपुढे आजी काय मागते ते ऐका आणि विचारा: सातेरीकडचं मागणं गणपतीला सांगितलं तर पोचेल का? «पोचेल, तो तीच आहे» म्हणाली, तर तिचं «एकच» खरोखर एक आहे. «छे, ते गावच्या देवीलाच सांगायला हवं» म्हणाली, तर निदान त्या मागण्यापुरते तिचे देव अनेक आहेत. ती दोन्ही म्हणेल, अशीही शक्यता आहे. मग दोन्ही लिहून घ्या.