हायब्रिड कामाचा प्रस्ताव: घरचे दिवस किती, यापेक्षा कोणते हे आधी ठरवा

प्रश्न: आमची सत्तरएक जणांची कंपनी पूर्णपणे ऑफिसमधूनच चालते. हायब्रिड कामाचे धोरण सुचवण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे, पण हजेरी ढिली पडेल आणि टीमवर्क बिघडेल अशी संचालकांना भीती आहे. प्रस्ताव कसा मांडावा?

उत्तर:

पुण्यातील एका यंत्ररचना सेवा देणाऱ्या कंपनीत मी प्रशासन आणि मनुष्यबळ विभाग सांभाळतो. आमच्याकडे माझा पहिला प्रस्ताव फेटाळला गेला आणि दुसरा मंजूर झाला. दोन्ही प्रस्तावांत घरून काम करण्याचे दिवस दोनच होते, त्यामुळे फरक कशाने पडला ते सविस्तर सांगतो.

पहिल्या प्रस्तावात मी ‘आठवड्यातून कोणतेही तीन दिवस कार्यालयात’ असे लिहिले होते. संचालकांनी एकच प्रश्न विचारला: अंदाजपत्रक विभागातील सहाही जण मला एकत्र कधी भेटतील? माझ्याकडे उत्तर नव्हते. नंतर हिशेब मांडला, तेव्हा त्यांची शंका रास्त होती हे कळले. प्रत्येकाने पाचपैकी तीन दिवस आपापल्या सोयीने निवडले, तर ठरावीक दिवशी एक व्यक्ती हजर असण्याची शक्यता ६० टक्के असते, ठरावीक दोघे बरोबर असण्याची ३६ टक्के, आणि सहाही जण एकत्र असण्याची ५ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे पूर्ण गट साधारण महिन्यातून एकदा एकत्र बसणार, आणि हजेरीपटावर मात्र प्रत्येकाचे तीन दिवस चोख भरलेले दिसणार. शिवाय प्रत्यक्षात निवड इतकी समान विखुरलेली नसते. सोमवार आणि शुक्रवार ओस पडतात, आणि बुधवारी टेबले अपुरी पडतात.

यावरून हजेरी आणि टीमवर्क या दोन वेगळ्या काळज्या आहेत हे माझ्या लक्षात आले. तुमच्या प्रस्तावातही त्यांना स्वतंत्र उत्तरे द्या, कारण एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

टीमवर्कचे उत्तर म्हणजे संपूर्ण गटासाठी एकच ठरलेले दिवस. चीनमधील ट्रिप डॉट कॉम या कंपनीने २०२१-२२ मध्ये केलेला प्रयोग मी दुसऱ्या प्रस्तावाला जोडला होता. तेथे १,६१२ कर्मचाऱ्यांची विभागणी जन्मतारीख सम की विषम यावर झाली, आणि एका गटाला बुधवारी व शुक्रवारी घरून काम करण्याची मुभा मिळाली. दोन वर्षांपर्यंतच्या मूल्यमापनात आणि बढत्यांमध्ये दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही, तर नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. हे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. संचालकांच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट ही की दिवस कंपनीने ठरवले होते. मात्र हा दाखला पूर्णवेळ घरून काम करण्याच्या बाजूने वापरू नका. मायक्रोसॉफ्टमधील साठ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२० मधील संपर्काचा जो अभ्यास झाला, त्यात सगळेच घरी गेल्यावर वेगवेगळ्या गटांमधील दुवे कमी झाल्याचे आढळले होते.

दिवस निवडताना आधी कामाचा प्रवाह कागदावर काढा. आमच्याकडे अंदाजपत्रक विभागाचे सहा आणि खरेदी विभागाचे पाच जण दिवसातून अनेकदा एकमेकांकडे जातात, म्हणून या अकरा जणांना एकच वेळापत्रक दिले: सोमवार, बुधवार, गुरुवार कार्यालयात, मंगळवार आणि शुक्रवार घरून. सोमवार आणि शुक्रवार दोन्ही घरी दिले असते, तर शनिवार-रविवार धरून चार दिवस सलग कोणी भेटले नसते. गुरुवार कार्यालयात ठेवण्याचे कारण अगदी स्थानिक आहे. पुण्यात महावितरणची देखभालीची कामे बऱ्याचदा गुरुवारी निघतात. घरी वीज गेली की काम थांबते, कार्यालयात जनरेटर आहे.

हजेरीसाठी आम्ही चार वाक्यांचा नियम लिहिला. घरच्या दिवशीही सकाळी दहापर्यंत हजेरी प्रणालीत नोंद करायची. अकरा ते चार या वेळेत फोन आला तर उचलायचा, किंवा अर्ध्या तासात उलट करायचा. घरून काम म्हणजे रजा नव्हे, त्यामुळे आजारी असल्यास रजाच टाकायची. कार्यालयाचा दिवस चुकवायचा असल्यास त्याच आठवड्यात बदली दिवस द्यायचा, आणि अशी अदलाबदल महिन्यातून दोनदाच. संगणकाच्या पडद्याची छायाचित्रे घेणारे सॉफ्टवेअर बसवण्याची सूचना आली होती. तिला मी ठामपणे विरोध केला, कारण त्यातून माऊस हलला की नाही एवढेच कळते, अंदाजपत्रक वेळेत गेले की नाही हे कळत नाही. कामाच्या तासांबद्दलही एक ओळ घालाच. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू असणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी कायद्याने ठरवलेली दिवसाच्या तासांची आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घरून काम करतानाही पाळावी, असे आमच्या धोरणात स्पष्ट लिहिले आहे.

मंजुरी कायमची मागू नका, बारा आठवड्यांच्या चाचणीची मागा, आणि मोजमाप सुरू होण्याआधी ठरवा. आम्ही मागील बारा आठवड्यांचे आकडे आधीच काढून ठेवले होते: मुदतीत गेलेली अंदाजपत्रके, दुरुस्तीसाठी परत आलेली अंदाजपत्रके, दोन दिवसांहून अधिक काळ अडकलेल्या खरेदीच्या शंका आणि सोमवारी-शुक्रवारी पडलेल्या रजा. मागचे आकडे नसतील, तर चाचणीनंतर प्रत्येक जण आपल्या मताला साजेशी आठवण सांगतो.

तिसऱ्या आठवड्यात एक चूक उघड झाली. मंडळी कार्यालयात येत होती, पण कानाला हेडफोन लावून दिवसभर ऑनलाइन बैठकांतच बसत होती, कारण बैठकांचे जुने वेळापत्रक आम्ही बदललेच नव्हते. यायचे आणि तेच काम करायचे, मग प्रवास कशासाठी, असे एका सहकारी ताईंनी मला स्पष्ट विचारले. त्या हडपसरहून हिंजवडीला येत होत्या. मग मोठ्या निविदांची तपासणी, पुरवठादारांच्या भेटी आणि नव्या माणसाला शिकवणे ही कामे आम्ही कार्यालयाच्या दिवसांवर आणली, आणि दरांचे तक्ते भरण्यासारखी एकाग्रतेची कामे घरच्या दिवसांवर. नव्याने रुजू झालेल्या मुलाला मात्र पहिले तीन महिने पाचही दिवस बोलावले, आणि एक अनुभवी सहकारी रोज त्याच्या शेजारी असेल अशी आळीपाळी लावली. नाहीतर लहानसहान शंका तो फोनवर विचारत नाही आणि चुका अंदाजपत्रकात उतरतात.

चाचणीअखेर मुदतीत जाणाऱ्या अंदाजपत्रकांत फरक पडला नव्हता, आणि अडकलेल्या शंका पहिल्या महिन्यात वाढून नंतर पूर्ववत झाल्या होत्या. शुक्रवारच्या रजा कमी झाल्या, सोमवारच्या तेवढ्याच राहिल्या. एवढ्या छोट्या गटावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, हे मी अहवालात लिहिले, आणि पुढचा विभाग जोडण्याची परवानगी मागितली.

तुमच्या प्रस्तावात आणखी दोन परिच्छेद असू द्या. एक, चाचणी थांबवण्याची अट: उदाहरणार्थ, मुदत चुकण्याचे प्रमाण सलग चार आठवडे आधीच्या सरासरीपेक्षा जास्त राहिले, तर तो गट पुन्हा पाच दिवस कार्यालयात येईल. ही अट आम्ही स्वतःहून लिहिली होती, आणि संचालकांची सही त्या बैठकीतच झाली. दुसरा परिच्छेद स्वागतकक्ष, भांडार आणि शिपाई यांच्याविषयी, कारण त्यांचे काम घरून होत नाही. त्यांना येण्या-जाण्याच्या वेळेत तासभराची सवलत किंवा महिन्यातून एक जादा सुटी, यांपैकी काय परवडते ते धोरण जाहीर होण्यापूर्वी ठरवा आणि त्यांना समोर बसवून सांगा; आम्ही हे दोन महिने उशिरा केले आणि त्या काळात भांडारातील दोघांची नाराजी मला रोज दिसत होती.