अनेकांत म्हणजे ‘दोघंही बरोबर’ नव्हे: सल्लेखनेवरून घरात पडलेला मतभेद

प्रश्न: आमच्या आजीचं वय ८६. मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत, डायलिसिस नको म्हणते आणि सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून देह ठेवण्याचं जैन व्रत, घ्यायची म्हणते. काका म्हणतात हा धर्म आहे, कुणी आडवं येऊ नका. डॉक्टर भाऊ म्हणतो ही सरळ आत्महत्या आहे. मी अनेकांतवादाचं नाव काढलं तर दोघंही म्हणाले, “म्हणजे दोघंही बरोबर, मग बोलायचं कशाला?” अनेकांत एवढाच आहे का? (सोलापूर)

उत्तर:

ताई, एवढाच नाही. ज्या आचार्यांनी अनेकांत मांडला त्यांनी इतरांची मतं एकेक करून खोडूनही काढली आहेत. सगळंच बरोबर मानलं असतं तर त्यांनी वाद कशाला घातला असता? त्यांचं म्हणणं असं, की वस्तूला अनेक बाजू असतात आणि आपण तोंड उघडतो तेव्हा त्यांतल्या एकाच बाजूनं बोलत असतो. अशा एका बाजूच्या बोलण्याला ‘नय’ म्हणतात. आचार्य समंतभद्रांच्या आप्तमीमांसा या ग्रंथात १०८व्या कारिकेत, म्हणजे श्लोकात, म्हटलंय, ‘निरपेक्षा नया मिथ्या सापेक्षा वस्तु तेऽर्थकृत्’. बाकीच्या बाजू उडवून लावणारा नय खोटा, त्यांची जाण ठेवून बोलणारा नय खरा आणि कामाचा.

म्हणजे तुमच्या काकांचं आणि भावाचं बोलणं आत्ता ज्या रूपात आहे त्या रूपात दोन्ही निरपेक्ष आहे. ‘हा धर्म आहे’ आणि ‘ही आत्महत्या आहे’, दोन्ही वाक्यं कुठल्याही अटीशिवाय फेकलेली आहेत. अनेकांताच्या हिशेबानं दोघंही आज चूक आहेत, आणि दोघांच्याही म्हणण्यात खरं व्हायची ताकद आहे.

त्याच ग्रंथातली ५९वी कारिका तुमच्या घरासाठी जास्त उपयोगाची वाटते. सोन्याचा घट मोडून त्याचा मुकुट केला. घट हवा असलेल्याला दुःख झालं, मुकुट हवा असलेल्याला आनंद झाला, आणि ज्याला नुसतं सोनं हवं होतं तो होता तसाच राहिला. समंतभद्र म्हणतात, तिघांच्याही भावना ‘सहेतुक’ आहेत, त्यांना कारण आहे. घट खरोखरच मोडला, मुकुट खरोखरच झाला, सोनं खरोखरच टिकलं. यात नजरेचा खेळ कुठेही नाही. पण चौथा कुणी येऊन म्हणाला की सोनंच नाहीसं झालं, तर तो सरळ चूक. म्हणून भावाच्या जिवाची घालमेल आणि काकांची स्थिरता, दोन्हींना आजीच्या परिस्थितीतच कारण आहे, हे आधी मान्य करा. त्यानंतर कोण कुठल्या अटीवर काय म्हणतोय ते विचारायला घ्या.

काकांपासून सुरू करा, कारण ते शास्त्राचा आधार घेतात. समंतभद्रांच्याच म्हणून मानल्या जाणाऱ्या रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखना कधी घ्यायची ते सांगितलंय: उपसर्ग म्हणजे बाहेरून ओढवलेलं संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा आजार आला आणि तो ‘निःप्रतीकार’ असला, म्हणजे त्यावर काही इलाजच उरला नसला, तर धर्मासाठी देह सोडणं ही सल्लेखना. आता आजीचा आजार निःप्रतीकार आहे की नाही, हे कोण सांगणार? काकांना ते सांगता येणार नाही, महाराजांनाही नाही. डायलिसिसनं किती काळ आणि कसा मिळेल, ८६व्या वर्षी शरीराला ते झेपेल का, औषधं आणि पथ्यावर भागेल का, हे किडनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगायचं आणि घरात समजावून द्यायचं भावानं. ज्याला काका धर्माच्या आड येणारा म्हणतात, त्याच्या ज्ञानाशिवाय शास्त्राची पहिली अटच तपासता येत नाही. हे काकांसमोर याच शब्दांत ठेवा. शास्त्र वाचलेला माणूस हे नाकारणार नाही.

भावाच्या म्हणण्यातला मुख्य मुद्दा बहुधा असा असेल, की माणूस खचला की त्याला मरण बरं वाटतं आणि घरचे त्याला वैराग्य समजतात. ही भीती त्यानं वैद्यकीय शिक्षणातून घेतली असेल, पण तत्त्वार्थसूत्र या जैनांच्या मूळ ग्रंथातही ती आहे. सातव्या अध्यायात सल्लेखनेचे पाच अतिचार, म्हणजे तिला डाग लावणाऱ्या गोष्टी, सांगितल्या आहेत: जगण्याची आस, मरणाची आस, मित्रांचा मोह, भोगलेल्या सुखांची आठवण आणि पुढे काही मिळावं म्हणून केलेला संकल्प. यात ‘मरणाची आस’ दुसरी. मरण लवकर यावं अशी इच्छा धरली की व्रताला दोष लागतो. सल्लेखना आणि आत्महत्या वेगळ्या का, यावर पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी या त्याच ग्रंथावरच्या टीकेत दिलेलं उत्तरही यावरच उभं आहे: राग, द्वेष, मोहाच्या भरात स्वतःला संपवतो तो आत्मघात, आणि सल्लेखना घेणाऱ्याच्या मनात ते नसतात. म्हणजे भावाचा ‘आत्महत्या’ हा शब्द आजीच्या मनात काय चाललंय त्यावर खरा किंवा खोटा ठरतो. काकांचा ‘धर्म’ हा शब्दही त्यावरच ठरतो. दोघांचं भांडण एकाच प्रश्नावरचं निघालं, आणि त्याचं उत्तर दोघांपैकी कुणाकडेच नाही. ते आजीकडे आहे.

तिला एकटीला विचारा. आपल्या गावातल्याच, माझ्या माहितीतल्या एका घराचं सांगतो. सासूबाई सल्लेखनेचं बोलू लागल्या होत्या. सून एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला, घरी पोचायला सात वाजायचे. सासूबाईंचा रात्रिभोजनाचा त्याग, त्यामुळे सूर्यास्ताच्या आत ताट वाढायला कुणीतरी हवं. सून रोज साहेबांची बोलणी खाऊन लवकर निघायची. सासूबाई ते पाहत होत्या, बोलत नव्हत्या. लेकीनं एके दुपारी शेजारी बसून पाय चेपता चेपता विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “माझ्यापायी तिची नोकरी जाईल गं.” यात वैराग्य नव्हतं, ओझं होण्याची लाज होती. शेजारच्या काकूंनी साडेपाचला ताकात कुस्करलेली भाकरी वाढायचं कबूल केलं आणि सल्लेखनेचा विषय आपोआप मागे पडला. तुमच्या आजीच्या मनात असंच असेल असं मी म्हणत नाही. पण दुखणं, एकटेपणा, खर्चाची चिंता, उदासी यांपैकी काही निघालं तर आधी त्यावर इलाज करा. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं लागलं तर दाखवा. तोवर ‘सल्लेखना’ हा शब्द घरात कुणीच वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायद्याचंही थोडक्यात. राजस्थान उच्च न्यायालयानं १० ऑगस्ट २०१५ रोजी संथारा, म्हणजे सल्लेखनाच, बेकायदा ठरवला, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याच महिन्यात ३१ तारखेला त्या निकालाला स्थगिती दिली. त्यामुळे ‘कोर्टानं बंदी घातलीय’ हेही अर्धवट आणि ‘कोर्टानं मान्यता दिलीय’ हेही अर्धवट. डायलिसिस नाकारणं हा मात्र वेगळा विषय आहे. शुद्धीवर असलेल्या, समजून-उमजून बोलणाऱ्या रुग्णाला उपचार नाकारता येतात, हे भाऊ स्वतःच सांगेल. आजीच्या दोन इच्छा एकात मिसळू नका. डायलिसिसला नकार आणि आहाराचा त्याग यांवर वेगवेगळं बोला. कदाचित पहिल्यावर घरात मतभेदच नसेल.

इतकं करूनही काही उरेल. समजा आजार खरोखर निःप्रतीकार निघाला, आजीचं मन शांत आहे, आणि तरी भाऊ म्हणतो, “मी आत्मा मानत नाही, मला हे पटत नाही.” इथे त्याला ‘तू एकांती, एकच बाजू धरणारा आहेस’ म्हणून गप्प करू नका. अनेकांत हा स्वतः जैन सिद्धांत आहे, तो न मानणाऱ्याच्या डोक्यावर मारायची काठी केली की तोही निरपेक्ष नय होतो. जैन आचार्य हरिभद्रांचं वचन आहे, ‘पक्षपातो न मे वीरे न द्वेषः कपिलादिषु’: महावीरांविषयी माझा पक्षपात नाही, सांख्यांचे कपिल वगैरे इतरांविषयी द्वेष नाही, ज्याचं बोलणं युक्तीला धरून असेल ते घ्यावं. असं म्हणणाऱ्या हरिभद्रांनीही इतर दर्शनं आधी नीट मांडून मगच तपासली. तुम्हीही भावाचं म्हणणं काकांकडून वदवून घ्या, इतकं नीट की भावानं म्हणावं, “हो, मला हेच म्हणायचंय.” मग काकांचं भावाकडून. कुणी ‘तुमचंही बरोबर, आमचंही बरोबर’ म्हणून उठू लागला तर समजा की त्यानं अट सांगायचं टाळलंय. त्याला पुन्हा बसवा आणि विचारा, “कुठल्या अटीवर बरोबर?”

शेवटी कृती एकच होणार, हे खरं. तत्त्वार्थसूत्रात ‘अर्पितानर्पितसिद्धेः’ असं सूत्र आहे: एक बाजू पुढे घेतली की दुसरी मागे जाते, नाहीशी होत नाही. निर्णय काकांच्या बाजूचा झाला तर मागे गेलेली भावाची बाजू व्यवस्थेत दिसली पाहिजे: वेदनाशमनाची औषधं चालू राहतील, रोज कुणीतरी तपासेल, आणि आजीनं कोणत्याही क्षणी ‘नको’ म्हटलं तर कुणी तिला व्रतभंगाची भीती घालणार नाही. निर्णय भावाच्या बाजूचा झाला तर काकांची बाजू दिसली पाहिजे: तिचा स्वाध्याय, दर्शन, महाराजांची भेट, रात्रिभोजनाचा नेम इस्पितळातही सांभाळला जाईल.

अजून एक अट काकांच्या लक्षात आणून द्या. आपल्या भागात सल्लेखना म्हटलं की आचार्य शांतिसागर महाराजांचं १९५५ सालचं कुंथलगिरीचं उदाहरण दिलं जातं, आणि काकाही बहुधा देतील. पण ते मुनी होते, कित्येक दशकांच्या तपानंतर तिथे पोचले होते. घरातल्या श्रावकासाठी रत्नकरंडात जी रीत आहे तिच्यात स्नेह, वैर, परिग्रह सोडून आप्तस्वकीयांना क्षमा करायची आणि गोड शब्दांत त्यांची क्षमा मागायची, असं आहे. नातू रागानं घराबाहेर उभा असताना ही पायरी पुरी कशी होणार? त्याला डावलून पुढे जाता येणार नाही. जैन ग्रंथ छापणाऱ्या जीवराज ग्रंथमालेचं काम आपल्याच गावात, फलटण गल्लीतून चाललं. तिथे चौकशी करा, नाहीतर मंदिरातल्या कपाटात रत्नकरंडाची सार्थ प्रत मिळेल. सल्लेखनेचा भाग काही पानांचाच आहे. रविवारी काका आणि भाऊ दोघांना एकत्र बसवून तो वाचा, आणि ‘निःप्रतीकार’ शब्दापाशी आलात की भावाला रिपोर्ट उघडायला सांगा.