हललेल्या व्हिडिओतून आजींचा स्पष्ट फोटो काढताना

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो, म्हणून ज्या फोनवर चित्रण झाले त्यातली मूळ फाइलच मागून घ्यावी. स्क्रीनशॉट न घेता, आजी कॅमेऱ्याकडे पाहतात ते दोन सेकंद वेगळे काढावेत. उदाहरणार्थ, तो क्षण चौदाव्या सेकंदाला असेल तर संगणकावर ffmpeg या व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रॅमला अशी आज्ञा द्यावी:

```
ffmpeg -ss 14 -i aaji.mp4 -t 2 f_%03d.png
```

व्हिडिओ सेकंदाला 30 चौकटींचा असल्यास सुमारे 60 चित्रे मिळतील. थरथरणारा हात दिशा बदलताना क्षणभर थांबतो आणि तेवढीच चौकट रेखीव येते. ती ओळखण्यासाठी चित्र मोठे करून डोळ्यातली चमक पाहावी, कारण हललेल्या चौकटीत ती ठिपक्याऐवजी रेघ दिसते, आणि अशी रेघ नंतर कोणत्याही धार वाढवण्याने पुन्हा ठिपका होत नाही.

चेहरा दाणेदार दिसत असेल, तर लगतच्या चार रेखीव चौकटी डोळे जुळवून एकमेकींवर ठेवाव्यात व त्यांची सरासरी घ्यावी, म्हणजे दाणे साधारण निम्मे होतात. धार त्यानंतरच आणि अगदी थोडी वाढवावी; कडांभोवती पांढरी किनार दिसू लागली की मागे यावे. चेहरा आपोआप सुधारणारी अ‍ॅप्स मी टाळतो, कारण ती नसलेला तपशील कल्पनेने भरतात आणि आजींच्या हनुवटीवरचे गोंदण डाग समजून पुसून टाकू शकतात.