स्ट्रॅटेगोमध्ये टेहळणी आणि बतावणी

प्रश्न: स्ट्रॅटेगो या लपलेल्या हुद्द्यांच्या सोंगट्यांच्या पटावरील खेळात माझे स्काउट, म्हणजे टेहळणीच्या सोंगट्या, लवकर संपतात आणि बतावणी लगेच पकडली जाते. काय करावे?

उत्तर: आठही स्काउट सुरुवातीलाच शत्रूच्या न हललेल्या सोंगट्यांवर फेकू नका, कारण त्यांतील अनेक बाँब असतात आणि तिथे स्काउट गमावून फारसे हाती लागत नाही. जी सोंगटी हलली आहे आणि शत्रूला माहीत असलेल्या तुमच्या मेजरसमोरही मागे हटत नाही, तिच्यावरच स्काउट खर्च करावा. तो मरतो, परंतु तिचा हुद्दा उघड होतो. दोन-तीन स्काउट शेवटासाठी अवश्य राखावेत.

स्काउट एकापेक्षा अधिक घरे सरकला की तो स्काउटच आहे हे समोरच्याला कळते. म्हणून बतावणी करायची असेल तेव्हा त्याला एकेक घरच चालवा. समजा, शत्रूच्या जनरलने तुमचा कर्नल मारला आणि तो उघडा पडला. जनरललाही मारू शकणारा तुमचा मार्शल अजून कोणी पाहिलेला नसेल, तर असा स्काउट किंवा एखादी अनोळखी सोंगटी न घुटमळता त्याच्या दिशेने नेली की जनरलला बहुधा माघार घ्यावी लागते, कारण चूक झाल्यास त्याचे नुकसान फार मोठे असते.

मार्शल एकदा उघड झाला की हा धाक संपतो. शत्रूकडे स्काउट शिल्लक असतील आणि मधली रांग मोकळी असेल, तर तो दुरूनच तुमची सोंगटी तपासेल. त्यामुळे मध्ये एखादी सोंगटी आड ठेवूनच पुढे सरकावे.