पस्तिशीतली दुप्पट रक्कम पंचविशीला का गाठत नाही

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, हातात ३२ हजार येतात. घरचे म्हणतात, आत्ता आयुष्य जग, पस्तिशीला पगार वाढला की निवृत्तीसाठी दुप्पट भर. त्यांचे बरोबर आहे का? आणि सुरुवात करायचीच तर कुठे करू?

उत्तर : बरोबर नाही. हेच वाक्य मी आमच्या घरात पस्तीस वर्षे ऐकले आहे, आणि गेल्या वर्षी दोन्ही बाजूंची पासबुके समोर ठेवून त्याचा हिशेब झाला आहे, म्हणून तोच सविस्तर सांगते.

मी नाशिकला एका कारखान्याच्या हिशेब विभागात होते. १९९० च्या एप्रिलमध्ये, पंचविसाव्या वर्षी, मी टपाल कार्यालयात पीपीएफचे, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, खाते उघडले. माझा पगार बावीसशेच्या आसपास होता. दरमहा पाचशे रुपये बाजूला काढायचे आणि वर्षाचे सहा हजार पुढच्या एप्रिलच्या पाच तारखेच्या आत एकरकमी भरायचे, असे मी ठरवून घेतले होते. या खात्यात महिन्याच्या पाच तारखेनंतर ते अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर त्या महिन्याचे व्याज धरतात, त्यामुळे सहा एप्रिलला भरलेल्या रकमेचे एप्रिलचे व्याज बुडते. माझे धाकटे दीर माझ्याच वयाचे. त्यांचे म्हणणे असे, की "वहिनी, पाचशे रुपड्यांनी म्हातारपण निघत नसते. पस्तिशीला माझा पगार तिप्पट झालेला असेल, तेव्हा मी तुमच्या दुप्पट भरीन आणि पुढे निघून जाईन." भाऊजी शब्दाचे पक्के आहेत. एप्रिल २००० मध्ये त्यांनी खाते उघडले आणि त्या वर्षापासून दरवर्षी बारा हजार भरले, एकही वर्ष चुकवले नाही. त्यांच्या शिस्तीबद्दल माझी काहीही तक्रार नाही, आणि म्हणूनच ही तुलना खरी आहे.

त्यांनी सुरुवात केली तेव्हा माझ्या खात्यात ६० हजार भरून सुमारे १ लाख १७ हजार झाले होते. दहा वर्षे मन मारून एवढेच जमले, असे त्यावर घरात बोलले गेले. पुढे मी सहा हजारच भरत राहिले. ते मात्र बारा हजार भरत होते. मार्च २०२५ अखेर आम्ही दोघेही साठीला पोहोचलो तेव्हा माझ्या खात्यात १२ लाख ९८ हजारांच्या आसपास होते आणि त्यांच्या खात्यात साधारण ९ लाख ३३ हजार. मी एकूण २ लाख १० हजार भरले होते, त्यांनी ३ लाख.

यावर भाऊजींनी जे उत्तर दिले ते चुकीचे नव्हते. १९९० ते १९९९ या काळात पीपीएफवर १२ टक्के व्याज होते. २००० च्या जानेवारीपासून दर उतरू लागला, २००३ मध्ये तो ८ टक्क्यांवर आला आणि एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. "तुम्हाला बारा टक्के मिळाले म्हणून तुम्ही जिंकलात," असे ते म्हणाले. म्हणून मी पस्तीसही वर्षांना आजचाच ७.१ टक्के दर लावून सगळा हिशेब पुन्हा मांडला. पंचविशीपासून दरवर्षी सहा हजार भरणाऱ्याचे साठीला ९ लाख ८ हजार होतात, आणि पस्तिशीपासून दरवर्षी बारा हजार भरणाऱ्याचे ८ लाख २५ हजार. अंतर कमी झाले, पण क्रम बदलला नाही. या दराने बरोबरी साधायची असेल तर पस्तिशीपासून सव्वादोन पटीच्या जवळपास भरावे लागते, ८ टक्क्यांनी साधारण २.३६ पट, आणि १२ टक्क्यांनी सव्वातीन पटीच्या आसपास.

असे का होते, हे भाऊजींना शेवटपर्यंत पटले नाही, आणि तुमच्या घरच्यांनाही बहुधा तेच खटकत असावे. पंचविशी ते पस्तिशी ही दहा वर्षे कमी पगाराची आणि लहान रकमांची, त्यामुळे ती सोडली तर फारसे काही जाणार नाही, असे त्यांना वाटते. पण उशिरा सुरुवात करणाऱ्याच्या हातून पहिली दहा वर्षे जात नाहीत, शेवटची दहा वर्षे जातात. लहान शिलकीची सुरुवातीची वर्षे तर त्यालाही काढावीच लागतात, तो ती पस्तिशी ते पंचेचाळिशी अशी काढतो. साठी मात्र दोघांचीही त्याच वर्षी येते, आणि त्याच्या खात्याचे पंचविसावे वर्ष संपते तिथेच त्याला थांबावे लागते.

माझ्या पासबुकातले शेवटचे दशक पाहा. ३१ मार्च २०१५ रोजी, म्हणजे खात्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, माझी शिल्लक सुमारे ५ लाख ८२ हजार होती. पुढच्या दहा वर्षांत ती ७ लाख १६ हजारांनी वाढली, आणि त्यातले मी भरलेले फक्त ६० हजार होते. पंचवीस वर्षांत जेवढे जमले होते त्याहून अधिक शेवटच्या दहा वर्षांत आले, तेही दर सर्वांत कमी असताना. अखेरच्या एका वर्षात ८६ हजारांच्या आसपास व्याज जमा झाले, आणि त्या वर्षी मी भरले होते सहा हजार. भाऊजींना हे दशक मिळालेच नाही. ते मिळवायचे तर त्यांना सत्तरीपर्यंत थांबावे लागेल.

याचाच दुसरा अर्थ असा, की पहिल्या दहा वर्षांची रक्कम मध्येच काढली तर लवकर सुरू करण्याचा सगळा लाभ जातो. २००० मध्ये माझ्या खात्यात असलेले १ लाख १७ हजार मी एकही रुपया पुढे न भरता तसेच ठेवले असते, तरी २०२५ पर्यंत त्यांचे जवळपास ८ लाख ३१ हजार झाले असते. भाऊजींनी पंचवीस वर्षे दुप्पट भरून मिळवलेल्या रकमेपेक्षा ते केवळ एक लाखाने कमी आहेत. आमच्या विभागातून नोकरी बदलून जाणारी कितीतरी मुले त्या काळी पगारातून कापलेल्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे काढून घेत, कारण रक्कम चाळीस-पन्नास हजारांची असे आणि दुचाकी डोळ्यांसमोर असे. मी त्यांना अडवत असे आणि ती ऐकत नसत. पंचविशीत सुरू करून तिशीत रिकामे केलेले खाते हे तिशीतच सुरू केलेले खाते असते. आता या निधीतला तुमचा यूएएन क्रमांक कायम राहतो, तेव्हा नोकरी बदलल्यावर जुन्या कंपनीची शिल्लक नव्या खात्यात वर्ग झाली आहे की नाही, हे पासबुकात स्वतः पाहा. सलग पाच वर्षे सेवा होण्याआधी ती रक्कम काढली तर करही बसू शकतो.

पीपीएफमध्ये आणखी एका ठिकाणी लोक अडकतात. पंधरा वर्षांची मुदत खाते उघडलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजतात, त्यामुळे माझे खाते १ एप्रिल २००६ ला पिकले. पुढे भरत राहायचे असेल तर मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत मुदतवाढीचा अर्ज द्यावा लागतो आणि पाच-पाच वर्षांची वाढ मिळते. अर्ज न देता नुसते भरत राहिलात तर जुन्या शिलकीवर व्याज मिळते, पण त्यानंतर भरलेल्या रकमांवर मिळत नाही. ३१ मार्चला जमा झालेले व्याज शिलकीच्या मानाने कमी वाटले तर तेव्हाच चौकशी करावी.

आता भाऊजींच्या बाजूने जे खरे आहे तेही लिहिते. सगळे गणित व्याजदरावर उभे आहे. पस्तीसही वर्षे ५ टक्केच दर मिळाला असता, तर माझे ५ लाख ६९ हजार झाले असते आणि त्यांचे ६ लाख १ हजार, म्हणजे दुप्पट भरणारा पुढे गेला असता. दुसरे, १९९० चे सहा हजार आणि २००० चे सहा हजार यांची किंमत एक नव्हती, आणि पगार वाढल्यावर दुप्पट भरणे हे पहिल्याइतके जड नसते. पगार दरवर्षी व्याजाच्याच वेगाने वाढत असेल आणि पगाराचा ठरावीक हिस्साच भरला जात असेल, तर साठीला प्रत्येक वर्षाच्या हप्त्याचे वजन सारखेच निघते. मग तुलना पस्तीस हप्ते विरुद्ध पंचवीस हप्ते एवढीच उरते, आणि पंचविशीत दहा टक्के भरणाऱ्याची बरोबरी पस्तिशीत चौदा टक्के भरून होते. हा त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा होता आणि तो मी मान्य केला. पण पस्तिशीला वाढलेला पगार मोकळा नसतो. त्यांचा पगार खरोखर तिप्पट झाला होता, आणि त्याच वर्षी घराच्या कर्जाचा हप्ता, मुलीची शाळा आणि सासूबाईंचे औषधपाणीही सुरू झाले होते. दुप्पटीच्या वर भरणे त्यांना कधीच जमले नाही. ठरल्यापेक्षा जास्त भरायची त्यांची इच्छा नव्हती असे नाही, वाव नव्हता.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा, कारण तिच्यावरचे व्याज यातल्या कोणत्याही दराच्या कितीतरी वर असते. आणि तेरा लाखांत कुणाचे म्हातारपण निघत नाही, हेही खरे आहे. मला निवृत्तिवेतन आहे आणि भविष्य निर्वाह निधी वेगळा होता. हे केवळ एका खात्याचे गणित आहे.

कुठे सुरुवात करावी याबद्दल मी एवढेच सांगेन, की कंपनी भविष्य निर्वाह निधी कापत असेल तर तुमची सुरुवात झालेलीच आहे, त्याला हात लावू नका. त्याच्या जोडीला दरमहा तीन हजार पीपीएफमध्ये किंवा तुम्हाला समजणाऱ्या एखाद्या दीर्घ मुदतीच्या फंडात टाका. फंडात परतावा अधिक मिळू शकतो, पण तो दरवर्षी सारखा नसतो आणि एखाद्या वर्षी शिल्लक घटतेही, तेव्हा ती घटलेली पाहून पैसे काढून घेणाऱ्या स्वभावाच्या माणसाने पीपीएफच धरावे. घरच्यांना मात्र एक विचारा : पस्तिशीला दरमहा साडेसहा हजारांच्या आसपास भरावे लागतील, तेव्हा घराचा हप्ता किती असेल?