आडवा नेलेला फ्रीज लगेच का चालू करू नये

«उद्या घर बदलतोय. गाडीची उंची कमी आहे, फ्रीज उभा मावणार नाही. आडवा नेला तर चालेल का? आणि पोचल्यावर लगेच चालू केला तर नेमकं काय बिघडतं?»

गाडी बदलता आली तर बदला. ते जमत नसेल तर निदान तिरपा टेकवून न्या. ४५ अंशांपर्यंत कललेला फ्रीज सहसा त्रास देत नाही. अगदीच आडवा करावा लागला तर कुशीवर ठेवा, पाठीवर किंवा दारावर नको.

भानगड सगळी कॉम्प्रेसरमध्ये आहे. मागे खाली जो काळा डबा दिसतो, त्यात मोटर आणि पंप स्प्रिंगांवर तरंगते बसवलेले असतात आणि तळाशी थोडं तेल असतं. फ्रीज आडवा झाला की हे तेल डब्याला जोडलेल्या नळ्यांत शिरतं. शिवाय रस्त्यातल्या खड्ड्यांत आडवी लटकलेली मोटर स्प्रिंगवरून निसटू शकते. तसं झालं तर कितीही थांबून उपयोग नाही, चालू करताच आतून खडखड ऐकू येते.

नळ्यांत शिरलेलं तेल घट्ट असतं, सावकाश ओघळत परत येतं. त्याआधी बटण दाबलं तर पंपाला गॅसऐवजी तेल ओढावं लागतं. गॅस दाबला जातो, तेल दाबलं जात नाही, त्यामुळे पंपाच्या पातळ पत्र्याच्या झडपा तुटू शकतात. पुढे गेलेलं तेल कॅपिलरी नावाच्या बारीक नळीत अडकलं तर कूलिंगच होत नाही. त्या नळीचं भोक एक मिलिमीटरहूनही बारीक असतं.

मी स्वतः एकदा ही घाई केली आहे. तीन तास आडवा आलेला फ्रीज अर्ध्या तासात चालू केला. स्टॅबिलायझर तीन मिनिटं थांबतो, तेवढं पुरे असं वाटलं होतं. पण ती तीन मिनिटं गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हावा म्हणून असतात, तेलाशी त्यांचा संबंध नाही. कॉम्प्रेसर काही सेकंद घुमला, मग 'टक्' करून बंद. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तो 'टक्' म्हणजे मोटर तापल्यावर ओव्हरलोड नावाच्या सुरक्षा स्विचने वीज तोडल्याचा आवाज. प्लग काढला, रात्रभर उभा ठेवला, सकाळी नीट चालला. नशीब म्हणायचं!

फ्रीज उभाच आला असेल तर दोन ते चार तास पुरतात. आडवा आला असेल तर जितका वेळ आडवा होता निदान तितका तरी थांबा. प्रवास लांबचा असेल तर मी सरळ २४ तास थांबतो. फ्रीजच्या पुस्तिकेत याहून जास्त वेळ लिहिला असेल तर तो धरा.

चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी मागची जाळी, किंवा जाळी नसेल तर बाजूचे पत्रे, हाताला कोमट लागले पाहिजेत. कॉम्प्रेसर घुमतोय पण तासाभरानेही ही जाळी किंवा पत्रे गारच असतील, तर प्लग काढा आणि मेकॅनिकला बोलवा.